बांधकामासाठी तात्पुरती वीज: अर्ज लिहिण्यापूर्वी आणि लिहिताना

घर बांधायला काढलं की पैसे, सिमेंट, मिस्त्री यांचा हिशेब महिनाभर आधी सुरू होतो. विजेचा विचार मात्र बहुतेक वेळा पायाचं काँक्रीट पडल्यावर होतो. त्याला पाणी मारायचं असतं, बोअरवर मोटार लावायची असते आणि जागेवर दिव्यापुरतीही वीज नसते. मग शेजाऱ्याच्या घरातून वायर ओढली जाते. कुणाला त्यात गैर वाटत नाही, शेजारधर्मच तो. पण कायदा त्याकडे तसा पाहत नाही. म्हणून अर्जाकडे वळण्याआधी ही वायर का ओढू नये, ते पाहू.

वीज कायदा २००३ च्या कलम १२६ मध्ये विजेच्या अनधिकृत वापराची व्याख्या आहे. ज्या कामासाठी वीज मंजूर झाली त्याखेरीज दुसऱ्या कामासाठी ती वापरणं, किंवा ज्या जागेसाठी मंजूर झाली ती सोडून दुसऱ्या जागेत नेणं, हे दोन्ही त्यात येतं. शेजाऱ्याच्या घरगुती मीटरवरून तुमच्या प्लॉटवर मोटार चालवली, तर दोन्ही गोष्टी एकदम घडतात. तपासणीत ते सापडलं की आकारणी लागू दराच्या दुपटीने होते, आणि वापर कधीपासून चालू होता ते ठरवता आलं नाही तर मागच्या बारा महिन्यांची होते. ते बिल येतं शेजाऱ्याच्या नावावर, कारण मीटर त्याचं आहे. खांबावर थेट आकडा टाकला तर प्रकरण त्याहून पुढे, कलम १३५ खाली वीजचोरीत जातं आणि त्यात तुरुंगवासाची तरतूद आहे.

तात्पुरत्या जोडणीचा अर्ज हा त्यावरचा सरळ मार्ग. मुंबईत बेस्ट, अदानी किंवा टाटा पॉवर, गोव्यात सरकारचं वीज खातं आणि उरलेल्या जवळजवळ साऱ्या महाराष्ट्रात महावितरण वीज पुरवतं. इथे महावितरणचंच उदाहरण घेतो. बाकीच्या ठिकाणी फॉर्म आणि अधिकाऱ्याचं पद बदलेल, पण पत्रात काय लिहायचं ते फारसं बदलणार नाही.

आधी एक खुलासा. ज्या घरात घरगुती वीजजोडणी आहे, त्याच घराला एखादी खोली वाढवायची किंवा दुरुस्ती करायची असेल, तर वेगळी तात्पुरती जोडणी सहसा लागत नाही. राज्य वीज नियामक आयोगाच्या दर-आदेशांत तशी तरतूद आहे: काम चालू असताना जुन्याच मीटरवर वीज वापरता येते, मात्र महिन्याचा वापर ५०० युनिटांच्या पुढे गेला तर त्या महिन्याचं बिल व्यावसायिक दराने येतं. म्हणजे हा लेख मुख्यतः मोकळ्या प्लॉटवर नवं घर बांधणाऱ्यांसाठी आहे. जुनं घर पूर्ण पाडून तिथेच नवं बांधणार असाल तर पाडकामाआधीच शाखा कार्यालयात लेखी कळवा आणि मीटर हलवण्याचा अर्ज द्या. मीटर काढायला मिस्त्रीला सांगू नका. त्याचं सील तुटलं की पुढची सगळी चौकशी तुमच्यामागे लागते.

आता एक उदाहरण घेऊ. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाला लागून दोन गुंठ्यांचा प्लॉट आहे. तळमजल्याचं, साधारण हजार चौरस फुटांचं घर बांधायचं आहे. बांधकाम परवानगी हातात आहे. सातबारावर दोघा भावांची नावं आहेत, घर धाकटा भाऊ बांधतो आहे. रस्त्यापलीकडे विजेचा खांब आहे, प्लॉटच्या कोपऱ्यापासून साठ-पासष्ट फुटांवर. ठेकेदार म्हणतो, दहा महिन्यांत चावी देतो.

एवढ्या माहितीवर अर्ज लिहायला बसलं तर पहिला प्रश्न येतो भार किती मागायचा. बहुतेक अर्ज इथेच कच्चे राहतात. कुणी अंदाजाने एक किलोवॉट लिहितो, कारण अनामत कमी पडेल असं त्याला वाटतं. कुणी ठेकेदाराच्या सांगण्यावरून दहा लिहितो. खरं तर ठेकेदाराबरोबर दहा मिनिटं बसून, जागेवर कोणकोणती यंत्रं विजेवर चालणार आहेत ते कागदावर उतरवलं की उत्तर मिळतं.

आपल्या उदाहरणात बोअरची मोटार एक एचपीची, म्हणजे सुमारे पाऊण किलोवॉट. काँक्रीट बसवायचा व्हायब्रेटर दोन एचपीचा, म्हणजे दीड किलोवॉट. फरशी कापायचं कटर १.२ किलोवॉट, ड्रिल मशीन ०.८, रात्रीचे दिवे ०.२, राखणदाराच्या खोलीतला पंखा आणि मोबाइल चार्जिंग मिळून ०.१५. बेरीज होते ४.६. म्हणून मागायचा भार पाच किलोवॉट. स्लॅबच्या दिवशी माल कालवायची मशीन आणि लिफ्ट भाड्याने येते, ती गावाकडे बहुधा डिझेलवर चालते, म्हणून ती या बेरजेत धरलेली नाही. पण ठेकेदाराची मशीन विजेवरची असेल, किंवा जाळ्या-ग्रिल जागेवरच वेल्डिंग करून बनवायच्या असतील, तर बेरीज एकदम वाढते आणि थ्री फेज मागावं लागतं. हे आधी विचारून घ्यायला हवं. सिंगल फेज मंजूर झाल्यावर थ्री फेजची मोटार जागेवर आली तर सगळी प्रक्रिया पुन्हा करावी लागते.

सगळी यंत्रं एका वेळी चालत नाहीत, मग पाच कशाला, असं मनात येईल. येऊ द्या, पण बेरजेत फार काटछाट करू नका. हल्लीची मीटर जास्तीत जास्त मागणी नोंदवून ठेवतात. मंजूर भार दोन आणि नोंद चारची, असं दिसलं की प्रश्न विचारले जातात, आणि त्याआधी तुमच्या मोटारीला व्होल्टेज कमी पडतं ते वेगळंच.

दुसरा प्रश्न मुदतीचा. तात्पुरती जोडणी साधारण एक वर्षाच्या मुदतीपर्यंत दिली जाते. ठेकेदार दहा महिने म्हणाला म्हणून दहाच लिहू नका. पावसाळ्यात काम थांबतं, वाळू मिळत नाही, सुतार दिवाळीला गावी जातो. बारा महिने मागा. त्यापुढे लागली तर मुदत संपायच्या आधी, म्हणजे तीन-चार आठवडे राखून, मुदतवाढीचा वेगळा अर्ज द्यायचा. मुदत उलटून गेल्यावर दिलेला अर्ज हा मुदतवाढीचा राहत नाही, तो चुकीची दुरुस्ती ठरतो, आणि त्याचं उत्तर मिळवायला खेटे घालावे लागतात.

तिसरा प्रश्न जागेचा, आणि माझ्या मते अर्जातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच. अर्ज वाचून लाइनमन किंवा अभियंता जागेवर येणार असतो. त्याला मोकळ्या प्लॉटवर ना घर नंबर दिसतो ना पाटी. गट क्रमांक त्याच्या उपयोगाचा नाही, तो तलाठ्याच्या उपयोगाचा. त्याला लागतो जवळचा खांब आणि शेजारच्या ग्राहकाचा बारा अंकी ग्राहक क्रमांक. तो क्रमांक शेजाऱ्याच्या वीजबिलावर वरच्या बाजूला छापलेला असतो. तो लिहिला की कार्यालयात बसूनच त्यांना कळतं की प्लॉट कोणत्या रोहित्राच्या, म्हणजे डीपीच्या, वाहिनीवर आहे आणि त्यावर आणखी भार घालता येईल का. खांबावर रंगवलेला क्रमांक दिसत असेल तर तोही लिहा, नसेल तर खांबापासूनचं अंतर पावलांनी मोजून लिहा. साठ-पासष्ट फूट असेल तर सर्व्हिस वायर सरळ ओढता येते. अंतर फार असेल, मध्ये खांब उभा करावा लागणार असेल, तर अंदाजपत्रक वेगळं होतं, खर्च वाढतो आणि वेळही लागतो. ते आधीच कळलेलं बरं.

मीटर कुठे बसवायचं, तेही पत्रात सांगा. प्लॉटच्या रस्त्याकडच्या कोपऱ्यात विटांचा चार-साडेचार फुटांचा छोटा खांब बांधून घ्या, त्यात पत्र्याचं झाकण असलेली पेटी बसवा, वर पाऊस उतरून जाईल असा उतार ठेवा. तिथे मुख्य स्विच आणि ३० मिलिअँपिअरचा गळती रोधक, म्हणजे ज्याला इलेक्ट्रिशियन ईएलसीबी किंवा आरसीसीबी म्हणतात, तो लावून घ्या. अर्थिंगचा पाइप जवळच गाडा. बांधकामावर माणसं ओल्या पायांनी आणि ओल्या हातांनी यंत्रं धरतात. वायर गिलाव्याच्या ओल्यात पडलेली असते, तिचं वेष्टण फावड्याने कापलं जातं. त्या वेळी जीव वाचवणारी वस्तू ही तीस मिलिअँपिअरची पेटी आहे, आणि ती दोन-तीन हजार रुपये वाचवण्याची जागा नाही. मीटर घराच्या नव्या भिंतीवर किंवा झाडाला टांगून मागू नका. काम चालू असताना ती भिंत पाडावीही लागते, आणि रीडिंग घेणाऱ्याला दर वेळी परांचीखालून वाकून जावं लागतं.

कागद फारसे लागत नाहीत. ग्राहकांच्या हक्कांविषयीच्या केंद्र सरकारच्या २०२० च्या नियमांनुसार दहा किलोवॉटपर्यंतच्या नव्या जोडणीसाठी ओळखीचा पुरावा आणि जागेच्या मालकीचा किंवा ताब्याचा पुरावा, एवढे दोन कागद पुरतात. प्रत्यक्षात बांधकामासाठी मागताना बांधकाम परवानगीची प्रत जोडणं हिताचं, कारण जोडणी कशासाठी हे त्याने एका नजरेत सिद्ध होतं. परवानाधारक विद्युत कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्टही लागतो. तो कंत्राटदार कोण हे आधी ठरवून ठेवा.

खरी अडचण मालकीच्या कागदात येते. सातबारावर वडिलांचं नाव असतं आणि ते हयात नसतात. किंवा आपल्या उदाहरणासारखी दोन भावांची नावं असतात. पहिल्या बाबतीत तलाठ्याकडून वारस नोंद झालेला उतारा आधी मिळवा. दुसऱ्या बाबतीत मोठ्या भावाची साध्या भाषेत लिहिलेली, सही असलेली संमती जोडा, म्हणजे अर्ज 'इतर मालकांची हरकत नाही का' या एका प्रश्नासाठी परत येणार नाही. शहरात सातबाराऐवजी मालमत्ता पत्रक आणि गावठाणात ग्रामपंचायतीच्या घरपट्टीचा उतारा चालतो.

आता प्रत्यक्ष पत्र. महावितरणचा छापील ए-१ अर्ज आहे, तो ऑनलाइनही भरता येतो. तो भरला तरी हे पत्र सोबत जोडावं असं मी आग्रहाने सांगतो, कारण छापील चौकटीत खांब, मुदत आणि मीटरची जागा यांना पुरेशी जागा नसते. आपल्या उदाहरणातल्या धाकट्या भावाने लिहायचं पत्र असं होईल:

प्रति,
मा. उपकार्यकारी अभियंता,
महाराष्ट्र राज्य विद्युत वितरण कंपनी मर्यादित,
________ उपविभाग, जि. सातारा.

दिनांक: ________

विषय: मौजे ________, गट क्र. ____ येथे स्वतःच्या राहत्या घराच्या बांधकामासाठी ५ किलोवॉट, सिंगल फेज, तात्पुरती वीजजोडणी मिळण्याबाबत.

महोदय,

वरील ठिकाणी माझ्या व माझ्या बंधूंच्या नावे दोन गुंठ्यांचा भूखंड आहे. त्यावर राहत्या घराच्या बांधकामास दि. ________ रोजी परवानगी मिळाली असून प्रत सोबत जोडली आहे. या जागेवर सध्या कोणतीही वीजजोडणी नाही आणि यापूर्वीची थकबाकी नाही.

बांधकामासाठी एक एचपी पंप, दोन एचपी व्हायब्रेटर, कटर, ड्रिल व दिवे मिळून अंदाजे ४.६ किलोवॉट भार आहे. म्हणून ५ किलोवॉट भाराची, बारा महिन्यांसाठी तात्पुरती जोडणी मंजूर व्हावी, ही विनंती.

जवळचा खांब भूखंडाच्या उत्तरेस रस्त्यापलीकडे सुमारे ६५ फुटांवर आहे. त्याच खांबावरून वीज घेणाऱ्या शेजारच्या ग्राहकाचा क्रमांक ____________ आहे. मीटरसाठी भूखंडाच्या ईशान्य कोपऱ्यात, रस्त्यालगत, विटांचा खांब बांधून ठेवला आहे.

माझ्या बंधूंचे संमतीपत्र जोडले आहे. पाहणीसाठी ________ या क्रमांकावर कळविल्यास मी जागेवर हजर राहीन. लागणाऱ्या रकमेचे मागणीपत्र कृपया लेखी द्यावे, आणि त्यात लागू वीजदर कोणत्या वर्गाचा आहे तेही नमूद करावे.

आपला विश्वासू,
(सही, नाव, पत्ता)

सोबत: ओळखपत्र, सातबारा उतारा, बांधकाम परवानगी, संमतीपत्र, जागेचा हातनकाशा.

यातल्या दोन वाक्यांविषयी सांगायला हवं. थकबाकी नाही हे वाक्य मुद्दाम आहे. प्लॉट विकत घेतलेला असेल आणि आधीच्या मालकाची तिथे जोडणी असेल, तर ती बाकी तुमच्या अर्जाच्या आड येते. तसं असेल तर हे वाक्य लिहू नका. आधी बाकीचा निकाल लावा. आणि शेवटचं, दराच्या वर्गाचं वाक्य काही जणांना आगाऊ वाटेल. पण बांधकामाच्या विजेचा दर घरगुती दरापेक्षा महाग असतो आणि आयोगाच्या नव्या आदेशाने बदलतो. आधी लेखी मिळालं तर दर महिन्याच्या बिलावर आश्चर्य राहत नाही. हातनकाशा वहीच्या पानावर काढला तरी चालतो: रस्ता, खांब, प्लॉट, मीटरची जागा आणि उत्तर दिशेचा बाण. तो ज्या अर्जाला असतो, त्याची पाहणी एकाच खेपेत होते.

पत्राच्या दोन प्रती न्या. एक देऊन दुसरीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घ्या. ही पोच सांभाळून ठेवा, कारण मुदत तिथून मोजली जाते. केंद्राच्या नियमांत २०२४ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार परिपूर्ण अर्जानंतर नवी जोडणी महानगरात ३ दिवसांत, इतर नगरपालिका क्षेत्रात ७ दिवसांत आणि ग्रामीण भागात १५ दिवसांत द्यायची आहे. जिथे लाइन वाढवावी लागते किंवा नवं रोहित्र लागतं, तिथे हा हिशेब लागू होत नाही. 'परिपूर्ण' या शब्दाकडे लक्ष द्या. एक कागद कमी असेल तर घड्याळ सुरूच होत नाही. म्हणून आठवड्याने फोन करून 'माझा अर्ज पूर्ण धरलाय ना?' एवढंच विचारा. कमी असेल तर काय कमी आहे ते लेखी मागा.

पाहणीनंतर मागणीपत्र येतं. कार्यालयातली माणसं त्याला कोटेशन म्हणतात. त्यात जोडणीचा खर्च आणि सुरक्षा ठेव असते. पैसे भरल्याची पावती पोचपत्राबरोबर ठेवा. ठेव तुमचीच असते, ती जोडणी बंद झाल्यावर परत मिळते, आणि ती परत मिळवायला पावती लागते. पावतीवर नाव तुमचंच आहे का हे तिथेच पाहा. ठेकेदाराच्या नावाने पावती फाटली असेल, तर दोन वर्षांनी ठेव मागायला तो कुठे असेल सांगता येत नाही. याच कारणासाठी मी सांगतो, ठेकेदार 'मी करून आणतो' म्हणाला तरी अर्ज आणि पैसे आपल्याच नावाने.

प्लॉटवरून किंवा शेजारून वीजवाहिनी गेलेली असेल तर तिचा विषय या अर्जात मिसळू नका. तिचा वेगळा अर्ज असतो, वाहिनी हलवण्याचा, आणि खर्च मागणाऱ्यालाच करावा लागतो. पण काम त्याशिवाय सुरू करू नका. सळई बारा मीटर लांब येते. तीन-चार माणसं ती उभी करतात आणि ती उच्चदाबाच्या तारेला टेकते, तेव्हा वाहिनी किती उंचावर आहे याचा हिशेब त्यांच्या हाती राहत नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार घर आणि लघुदाबाची तार यांत उभं अंतर अडीच मीटर आणि आडवं १.२ मीटर किमान हवं. उच्चदाबाच्या ११ केव्ही तारेसाठी उभं अंतर ३.७ मीटर. हे अंतर स्लॅबपासून मोजायचं असतं. परांचीवरच्या माणसाच्या हातातली सळई त्याहून उंच जाते.

पंधरा दिवसांत काही हललं नाही, तर आधी शाखा अभियंत्याला पोचपत्राची प्रत दाखवून भेटा. मग १९१२ या टोल फ्री क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून घ्या. त्यानंतर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, आणि त्याच्यावर मुंबई व नागपूर इथे विद्युत लोकपाल. बऱ्याचदा लेखी तक्रार क्रमांक हाती आल्यावरच पाहणी होते, मंचापर्यंत जावं लागत नाही.

घर पूर्ण झालं की तात्पुरती जोडणी आपोआप घरगुती होत नाही, आणि हे फार जणांना बिल आल्यावर कळतं. रंगकाम चालू असतानाच घरगुती जोडणीचा ए-१ अर्ज द्या. त्यात तात्पुरत्या जोडणीचा ग्राहक क्रमांक लिहा आणि ती कायमची बंद करून अंतिम बिल देण्याची, ठेव परत किंवा नव्या जोडणीत वळती करण्याची विनंती करा. ज्या दिवशी जुनं मीटर काढतात, त्या दिवशी त्याच्या आकड्याचा फोटो काढून ठेवा आणि काढणाऱ्याकडून त्या रीडिंगवर सही घ्या.